विश्लेषण : आपल्याआधी मेंदूच निर्णय घेतो? लिबेट यांचा प्रयोग इच्छास्वातंत्र्याबद्दल नेमके काय सांगतो?

‘तुम्ही ठरवण्याआधीच तुमच्या मेंदूने ठरवलेले असते’, हे वाक्य एखाद्या रीलमध्ये किंवा पॉडकास्टमध्ये तुमच्या कानावर पडले असेल. ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. या दाव्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रयोग असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मोजमाप खरे आहे आणि ते पुन्हा पुन्हा मिळालेही आहे. पण त्या मोजमापाचा जो अर्थ तीस वर्षे लावला जात होता, त्याला २०१२ नंतर मोठा धक्का बसला. हा धक्का कुठे बसला, हे समजायला मेंदूविज्ञानाची पदवी लागत नाही. सरासरी कशी काढतात एवढे कळले तरी पुरते.

मेंदूतील ही ‘तयारीची लहर’ सापडली कशी?

गोष्ट सुरू होते जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे. हान्स हेल्मुट कोर्नहुबर आणि त्यांचे विद्यार्थी ल्युडर डीके यांना एक साधा प्रश्न पडला होता. बाहेरून कोणताही इशारा नसताना माणूस स्वतःहून बोट हलवतो, तेव्हा त्याच्या आधी मेंदूत काय घडते?

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत हालचाल टिपण्याचे तंत्र, म्हणजे ईईजी, तेव्हा उपलब्ध होते. अडचण वेगळीच होती. एखादा आवाज ऐकवून मेंदूची प्रतिक्रिया मोजायची असेल, तर आवाजाच्या क्षणापासून पुढे मोजता येते. इथे मोजायचे होते ते बोट हलण्याच्या आधीचे. बोट कधी हलणार, हे मात्र कोणालाच आधी माहीत नव्हते. त्यांनी युक्ती केली. ईईजीच्या नोंदी चुंबकीय टेपवर घेतल्या आणि टेप उलटी चालवली. बोट हलले तो क्षण शून्य धरला आणि तिथून मागे जात अनेक हालचालींच्या नोंदींची सरासरी काढली.

सरासरी काढणे भागच होते. ही लहर फार क्षीण असते, साधारण १० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून कमी. मेंदूच्या इतर हालचालींचा ‘गोंगाट’ त्यापेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे एका हालचालीच्या नोंदीत ती सहसा दिसतच नाही. ४० नोंदींची सरासरी काढली, तर आडवातिडवा गोंगाट एकमेकांना मारून साधारण सहापटीने कमी होतो आणि प्रत्येक नोंदीत समान असलेली गोष्ट वर येते. अशा सरासरीत दिसले, की हालचालीच्या सुमारे सेकंदभर आधीपासून मेंदूच्या वरच्या मध्यभागातील विद्युत पातळी हळूहळू एका दिशेने सरकू लागते. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. या सरकण्याला इंग्रजीत ‘रेडिनेस पोटेन्शियल’ म्हणतात. आपण तिला तयारीची लहर म्हणू.

लिबेट यांनी नेमके काय केले?

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणाऱ्या लिबेट यांनी यात एक प्रश्न जोडला. लहर सेकंदभर आधी सुरू होत असेल, तर ‘आता हलवू या’ ही इच्छा माणसाला कधी जाणवते?

त्यांनी मोजक्या विद्यार्थ्यांना घड्याळासारख्या पडद्यासमोर बसवले. पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका गोल फिरत होता आणि एक फेरा २.५६ सेकंदांत पूर्ण करत होता. कडेला घड्याळासारख्या ६० खुणा होत्या, म्हणजे एक खूण ओलांडायला त्याला सुमारे ४३ मिलिसेकंद लागत. (१००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.) सूचना अशी होती : पहिला फेरा जाऊ द्या, मग मनात येईल तेव्हा उजव्या हाताचे मनगट किंवा बोटे झटका. आधीपासून वेळ ठरवू नका. हालचालीची इच्छा प्रथम जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता, ते नंतर सांगा.

प्रत्येकाकडून अशा ४० हालचालींची मालिका करून घेतली. हालचालीचा अचूक क्षण मनगटाच्या स्नायूंवरील इलेक्ट्रोडवरून कळत होता. आधीपासून न ठरवलेल्या हालचालींत तयारीची लहर सरासरी ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली. इच्छा जाणवल्याची वेळ मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधीची होती. म्हणजे लहर पुढे आणि जाणीव तिच्या ३५० मिलिसेकंद मागे.

यातून इच्छास्वातंत्र्य नाही, हे लिबेट यांनीच म्हटले होते का?

नाही. लिबेट यांचे म्हणणे असे होते, की कृतीची सुरुवात मेंदू नकळत करतो, पण जाणीव झाल्यावर शेवटच्या क्षणी ती थांबवण्याचा नकाराधिकार आपल्याकडे असतो. त्यासाठी त्यांनी आणखी एक प्रयोग केला. ठरावीक क्षणी हात हलवायची तयारी करा आणि ऐनवेळी हलवू नका, असे सांगितले. लहर उठली आणि हालचालीच्या ठरलेल्या वेळेच्या थोडे आधी ओसरली.

यातली गोम अशी, की आपण हात हलवणारच नाही हे त्या विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून माहीत होते. त्यामुळे तो ऐनवेळचा नकार म्हणावा की आधीच ठरलेला, हा प्रश्न उरलाच. आणि नकार देण्याआधीही मेंदूत काहीतरी घडतच असणार. मग नकार तरी आपला कसा, असे टीकाकारांनी विचारले.

पुढे नकाराधिकाराची बाजू मागे पडली आणि ३५० मिलिसेकंदांचा आकडा तेवढा प्रसिद्ध झाला. हा आकडा दोन वेळांच्या वजाबाकीतून येतो : एक जाणिवेची, दुसरी लहरीच्या सुरुवातीची. या दोन्ही वेळा किती भरवशाच्या आहेत, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

जाणिवेची वेळ खरोखर अचूक मोजता येते का?

इथे माणूस एकाच वेळी दोन कामे करतो. आत इच्छा कधी उठते याकडे लक्ष ठेवायचे आणि बाहेर फिरणारा ठिपकाही पाहायचा. लिबेट यांना यातील धोका माहीत होता. म्हणून त्यांनी त्वचेवर हलकासा स्पर्श करून त्याचीही वेळ विचारली. उत्तरे सरासरी ५० मिलिसेकंदांनी चुकत होती. तेवढी दुरुस्ती केली, तर जाणिवेची वेळ २०० ऐवजी सुमारे १५० मिलिसेकंद आधीची येते.

पण त्वचेला झालेला स्पर्श आणि मनात उठलेली इच्छा यांत फरक आहे. स्पर्श कधी झाला हे यंत्राला माहीत असते. इच्छा कधी उठली, हे ती सांगणाऱ्याशिवाय कोणालाच तपासता येत नाही. २००९ मध्ये विल्यम बँक्स आणि ईव्ह इशाम यांनी याचीच परीक्षा घेतली. सहभागी व्यक्तीने बटण दाबल्यानंतर ५ ते ६० मिलिसेकंदांनी एक ‘बीप’ वाजवला. बीप जितका उशिरा, तितकी लोकांनी सांगितलेली ‘ठरवल्याची वेळ’ही पुढे सरकली. बीप तर बटण दाबल्यानंतर वाजत होता. आधी घडून गेलेल्या इच्छेची वेळ तो बदलू शकत नाही. म्हणजे ‘मी कधी ठरवले’ याचे उत्तर आपण आतल्या घड्याळात पाहून देत नाही. ते कृती झाल्यावर हाती असलेल्या खुणांवरून काही प्रमाणात जुळवलेले असते.

मग लहरीच्या सुरुवातीची वेळ तरी पक्की आहे?

खरी मेख इथेच आहे आणि ती टेप उलटी फिरवण्याच्या युक्तीतच दडलेली आहे. नोंदी निवडताना हालचाल झाली तेच प्रसंग घेतले जातात. लहर थोडी वर गेली, पण हालचाल न होताच खाली आली, असे किती प्रसंग झाले असतील? ते सरासरीत येतच नाहीत, कारण मागे मोजायला सुरुवात करण्यासाठी त्यांच्यात ‘शून्य’ क्षणच नसतो.

याचा परिणाम काय होतो, हे नाणे उडवून पाहता येईल. छापा पडला तर एक गुण मिळवा, काटा पडला तर एक वजा करा. सुरुवात शून्यापासून. बेरीज ५ झाली की ‘बटण दाबले’ असे समजून थांबा. प्रत्येक फेकीनंतरची बेरीज वहीत लिहीत जा. कधी दहा-बारा फेकींतच ५ होतील, कधी शेकडो फेका लागतील. असे अनेक खेळ झाल्यावर शेवटची नोंद शून्य क्षण धरा आणि मागे मोजत सरासरी काढा.

शेवटची बेरीज अर्थातच ५ आहे. तिच्या एक फेक आधी ती ४ असलीच पाहिजे. दोन फेकी आधी ३ असली पाहिजे, कारण त्या वेळी ५ असती तर खेळ तिथेच संपला असता. तीन फेकी आधी ती २ किंवा ४ असू शकते. अशी सरासरी मांडत गेलात, की कागदावर एक सुबक चढती रेषा उमटते. जणू नाण्याने बऱ्याच आधीपासून ५ कडे जाण्याची तयारी चालवली होती.

प्रत्यक्षात नाण्याने काहीच ठरवलेले नव्हते. प्रत्येक फेकीला छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मीच होती. चढण नाण्यात नव्हती, ती आपल्या निवडीतून आली. पाचपर्यंत पोहोचलेलेच क्षण आपण घेतले आणि तिथून मागे पाहिले. बेरीज ४ वर जाऊन परत फिरली, ते क्षण शून्य म्हणून कुठेच धरले गेले नाहीत.

मेंदूतही असेच घडते, हे कशावरून?

फ्रान्समध्ये काम करणारे अॅरन शुर्गर, जाकोबो सिट आणि स्तानिस्लास देआन यांनी २०१२ मध्ये नेमका हाच विचार मेंदूला लावला. मेंदूची विद्युत पातळी कधीच स्थिर नसते. ती सतत वरखाली होत राहते आणि आताची पातळी थोड्या वेळापूर्वीच्या पातळीवर अवलंबून असते. लिबेट यांच्या प्रयोगात ‘कधीतरी हात हलवा’ या सूचनेने हालचालीकडे थोडासा कल तयार होतो, पण नेमके कधी हलवायचे याला काहीच कारण नसते. अशा वेळी आपोआप होणारे हे चढउतार ज्या क्षणी ठरावीक उंबरठा ओलांडतात, त्या क्षणी हात हलतो. या कल्पनेवर त्यांनी संगणकावर गणिती प्रतिकृती चालवली. तिच्यातून निघालेली सरासरी रेषा प्रत्यक्ष तयारीच्या लहरीशी चांगली जुळली.

नुसती जुळणी पुरेशी नाही, म्हणून त्यांनी एक चाचणीही घेतली. लोक आपल्या मर्जीने बटण दाबायची वाट पाहत असताना मध्येच, कोणत्याही क्षणी ‘क्लिक’ असा आवाज केला. तो ऐकताच शक्य तितक्या लवकर बटण दाबायचे होते. कल्पना बरोबर असेल, तर ज्या वेळी पातळी योगायोगाने उंबरठ्याजवळ असेल, त्या वेळी प्रतिसाद लवकर यायला हवा. तसेच झाले. सर्वांत जलद प्रतिसादांच्या बाबतीत आवाजाच्या आधीच ईईजीची पातळी लहरीच्या दिशेने सरकलेली आढळली. आवाज कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे ते सरकणे त्या प्रतिसादाची ‘तयारी’ असूच शकत नव्हते.

हे खरे असेल, तर ५५० मिलिसेकंद आधी ‘निर्णय’ झाला असे म्हणता येत नाही. त्या क्षणी पातळी परत खालीही जाऊ शकली असती. निर्णयासारखे काही म्हणायचेच असेल, तर ते उंबरठा ओलांडण्याला म्हणावे लागेल. आणि ते हालचालीच्या अगदी जवळ घडते, म्हणजे जाणिवेच्या वेळेच्याही आसपास.

लहर सुरू झाल्यावर माणूस थांबू शकतो का?

बर्लिनमधील जॉन-डिलन हाइन्स यांच्या गटाने २०१६ मध्ये याची थेट परीक्षा घेतली. सहभागी व्यक्तीने हिरवा दिवा असताना मनाला येईल तेव्हा पायाने पॅडल दाबायचे आणि दिवा लाल झाला तर थांबायचे, असा तो खेळ होता. संगणक त्या व्यक्तीचा ईईजी त्याच वेळी वाचत होता आणि तयारीची लहर ओळखली की दिवा लाल करत होता. लहर म्हणजे पक्का निर्णय असता, तर कोणालाच थांबता आले नसते. पण लोक थांबू शकले. मात्र हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीपर्यंतच. त्यानंतर दिवा लाल झाला, तर पाय हललाच. म्हणजे मागे फिरता न येण्याचा एक टप्पा आहे, पण तो लहरीच्या सुरुवातीला नाही, शेवटाकडे आहे.

बोट हलवणे आणि आयुष्यातील निर्णय यांत फरक नाही का?

मोठा फरक आहे. लिबेट यांच्या प्रयोगात आता हलवले काय किंवा दोन सेकंदांनी हलवले काय, कशानेच काही बिघडत नव्हते. आपल्याला इच्छास्वातंत्र्याची काळजी वाटते ती मात्र नोकरी सोडावी का, खरे बोलावे का, अशा प्रश्नांत. तिथे दोन्ही बाजूंना कारणे असतात.

उरी माओझ, लिआद मुद्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ही तुलना केली. दोन स्वयंसेवी संस्थांपैकी एक निवडायची होती. काही फेऱ्यांमध्ये निवडलेल्या संस्थेला खरोखर १,००० डॉलर मिळण्याची शक्यता होती. इतर फेऱ्यांमध्ये कोणतेही बटण दाबले तरी दोन्ही संस्थांना समान रक्कम मिळणार होती, म्हणजे निवडीला अर्थच नव्हता. दोन्हीकडे बोटाची हालचाल सारखीच. तरीही अर्थहीन निवडीआधी तयारीची लहर नेहमीसारखी दिसली आणि अर्थपूर्ण निवडीआधी ती जवळजवळ दिसलीच नाही. म्हणजे ज्या लहरीवर सारा वाद उभा आहे, ती विचारपूर्वक निर्णयांची खूण नसावी, असे हा प्रयोग सुचवतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. एखाद्या कृत्यामागे उद्देश होता का, त्याची आखणी आधीपासून झाली होती का, हे न्यायालय पाहते. अर्ध्या सेकंदाच्या आत मनगट झटकण्याचा प्रयोग दिवसेंदिवस रचलेल्या कटाच्या जबाबदारीबद्दल काहीच सांगत नाही.

स्कॅनरने ‘१० सेकंद आधी’ निर्णय ओळखला होता, त्याचे काय?

तो प्रयोगही हाइन्स यांच्याच गटाचा, २००८ मधला. एफएमआरआय स्कॅनरमध्ये असलेली व्यक्ती डावे बटण दाबणार की उजवे, याचा अंदाज मेंदूच्या पुढच्या भागातील हालचालींवरून सात सेकंद आधी बांधता आला. स्कॅनरच्या संथपणाची भरपाई धरली, तर १० सेकंद. पण अंदाज साधारण ६० टक्के वेळाच बरोबर आला. दोनच पर्याय असताना डोळे मिटून सांगितले, तरी ५० टक्के बरोबर येतात. म्हणजे मेंदूत थोडासा कल आधीपासून होता, एवढेच यातून कळते. कल असणे आणि निर्णय झालेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहाकडे कल असलेला माणूस कधी कधी कॉफीही मागवतो.

त्याहून दमदार पुरावा इत्झाक फ्रीड यांच्या गटाचा आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, अशा १२ रुग्णांमध्ये त्यांनी एकेका चेतापेशीची हालचाल टिपली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, रुग्णाने सांगितलेल्या जाणिवेच्या क्षणाच्या ७०० मिलिसेकंद आधीच, ८० टक्क्यांहून अधिक अचूकतेने हालचालीचा अंदाज बांधता आला. जाणिवेआधी मेंदूत पायाभरणी होते, हे यातून ठळकपणे दिसते. पण कृतीही तशीच निरर्थक होती आणि जाणिवेची वेळही रुग्णानेच घड्याळ पाहून सांगितलेली होती.

शेवटी, काय सिद्ध झाले आणि काय नाही?

स्वतःहून केलेल्या साध्या हालचालीआधी मेंदूत मोजता येण्याजोगे बदल होतात, हे सिद्ध झाले आहे. इच्छेची जाणीव कोऱ्या पाटीवर अचानक उमटत नाही, हेही दिसते. ज्यांना मनाची इच्छा मेंदूपासून पूर्ण वेगळी वाटते, त्यांना हे निष्कर्ष अडचणीचे आहेत.

लहर सुरू झाली त्या क्षणी मेंदूने निर्णय घेऊन टाकला आणि आपण नंतर केवळ प्रेक्षक उरलो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. लहरीनंतरही थांबता येते. तिची चढण काही प्रमाणात सरासरी काढण्याच्या पद्धतीतून येऊ शकते आणि महत्त्वाच्या निवडींआधी ती फारशी दिसतही नाही.

उलट बाजूची घाईही नको. शुर्गर यांच्या स्पष्टीकरणाने इच्छास्वातंत्र्य सिद्ध होत नाही. मेंदूतील आपोआप होणाऱ्या चढउतारांनी बोट हलवले, तर त्याला स्वातंत्र्य म्हणणे कठीणच. शिवाय ते एक गणिती प्रतिरूप आहे आणि लहरीचा काही भाग खरोखरच हालचालीच्या तयारीचा असावा, असे मानणारे संशोधकही आहेत. पण तो वाद लहरीचा अर्थ काय, हा आहे. त्यातून ‘तुम्ही काहीच ठरवत नाही’ हे वाक्य निघत नाही. ते ऐकवणाऱ्याला पुढच्या वेळी एवढेच विचारावे : ज्या वेळी लहर उठली आणि हात हललाच नाही, त्या वेळा तुमच्या सरासरीत कुठे आहेत?